चपलेचा बंदसुद्धा त्याच्याकडेच मागा



गेल्या महिन्यात मोहल्ल्यातल्या एक आपा वहीचं पान घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांचा मुलगा फौजेत आहे आणि या हिवाळ्यात सियाचीनच्या एका चौकीवर त्याची ड्यूटी लागली आहे. पानावर त्यांनी त्याच्यासाठी दुआ लिहिली होती. त्यांनी विचारलं, "सर, मराठीत चालेल ना? आणि इतक्या बारीकसारीक गोष्टी मागणं बेअदबी तर नाही?"

नमाजमधलं पठण अरबीतच होतं. पण नमाजनंतर हात उचलून मागायचं ते आपल्या भाषेत मागता येतं. बारीक गोष्टींचं म्हणाल, तर तिर्मिजीतल्या एका हदीसमध्ये चपलेचा बंद तुटला तरी तोही अल्लाहकडेच मागा, असं सांगितलं आहे.

आपांनी आधी अल्लाहची हम्द, मग दरूद लिहिला होता. हाच दुआचा अदब. पुढे होतं :

"या अल्लाह, माझा मुलगा बर्फावर चालेल तेव्हा त्याच्या कमरेची दोरी घट्ट राहू दे. त्या दोरीला बांधलेल्या इतर आयांच्या मुलांनाही सांभाळ. त्याचे मोजे कोरडे ठेव. रात्री त्याचा श्वास अडू देऊ नकोस. त्याला भूक लागू दे."

हे सगळं मुलाने फोनवर सांगितलेलं. बर्फाखालच्या भेगा दिसत नाहीत, म्हणून जवान एकाच दोरीने बांधून चालतात. एक घसरला तर बाकीचे त्याला धरतात. घामाने ओले झालेले मोजे अंगावर राहिले तर बोटं हिमदंशाने काळी पडतात. इतक्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे भूक मरते, झोप तुटते. कधी फुप्फुसात पाणी भरतं. तेव्हा जवानाला तातडीने खाली आणावं लागतं.

शेवटची एक ओळ मात्र खोडलेली होती : "त्याला लवकर घरी आण." आम्ही कारण विचारलं. "तो आपलं काम करतोय. असं मागणं म्हणजे बेसब्रीच ना?" एवढं बोलून आपा गप्प झाल्या.

आम्ही त्यांना सूरह यूसुफची आठवण दिली. हजरत याकूब (अलै.) पैगंबर होते, तरी मुलाच्या विरहात त्यांचे डोळे पांढरे झाले. आपलं दुःख आपण फक्त अल्लाहपुढे मांडतो, असं ते म्हणाले. तरीही त्यांचा सब्र 'सब्रे जमील'च राहिला. म्हणजे अल्लाहपुढे रडणं सब्राच्या विरुद्ध नाही. आईवडिलांची मुलासाठीची दुआ परत फिरवली जात नाही, असंही हदीसमध्ये आहे. मग ती अर्धी का मागायची?

आपांनी आमच्याकडून पेन मागून घेतलं. खोडलेली ओळ पुन्हा लिहिली आणि तिच्यापुढे दोन शब्द वाढवले : "सगळ्यांनाच. आमीन."