सव्वासहा वाजता, मूड असो वा नसो

‘बरं वाटलं की करते गं.’ गेल्या पावसाळ्यात माझी रूममेट रोज हेच म्हणायची. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. ती मूळची साताऱ्याची, राज्यसेवेची तयारी करणारी. पूर्वपरीक्षेचा निकाल लागला, यादीत नंबर नव्हता. मग तिनं आधी अभ्यासिका सोडली, नंतर डबा आणायला खाली उतरणं आणि शेवटी आईचा फोन उचलणं. (तिला विचारूनच लिहितेय.)

तिला आळशी म्हणणारे बरेच होते. दोन आठवडे त्यात मीही होते. पण तुम्हीच बघा, मन उदास झालं की आपण गोष्टी टाळतो. टाळल्या की गप्पा, हसू, ‘चला, एवढं तरी झालं’ ही भावना, सगळंच आटतं. ते आटलं की मन आणखी उदास होतं. मग ‘बरं वाटलं की करेन’ म्हणणाऱ्याला बरं वाटणार कुठून? या चक्रातून बाहेर पडायचं तर सुरुवात कृतीपासून करायची, मूड मागून येतो, अशी एक उपचारपद्धत आहे.

ही पद्धत आपल्या शेजारच्या गोव्यात तपासली गेलीय. ‘संगाथ’ संस्था आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या गटानं १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याचा बराच त्रास असलेल्या ४९५ जणांवर अभ्यास केला. बोलायला बसवले ते मानसोपचाराचं आधी कसलंच शिक्षण नसलेले, पण या कामासाठी प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक. सहा ते आठ भेटी, आणि भर कशावर, तर छोट्या कृती ठरवून करण्यावर. तीन महिन्यांनी यातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. म्हणजे सगळेच बरे झाले असं नाही, पण फरक मोठा आहे.

माझ्या मैत्रिणीला हे एका समुपदेशक मॅडमनी शिकवलं. पहिला आठवडा काहीच बदलायचं नाही, फक्त वहीत तासातासाला काय केलं ते लिहायचं आणि मूडला शून्य ते दहा आकडा द्यायचा. आठवड्यानं वही बघितली तर दुपारी दोन ते पाच, गादीवर पडून रील्स बघताना, आकडा कायम एक. एकदाच चार. त्या दिवशी पाऊस आला म्हणून गच्चीवरचे कपडे काढताना घरमालकीण काकूंशी दहा मिनिटं गप्पा झाल्या होत्या. ‘मला कशानंच बरं वाटत नाही’ हे तिचं म्हणणं तिच्याच अक्षरात खोटं ठरलं.

मग बाईंनी उत्साहात प्लॅन केला. पहाटे पाचला पळायला, आठ तास अभ्यास. दुसऱ्या दिवशी बंद! वर ‘बघ, हेपण जमत नाही मला.’ बहुतेकांचं इथंच चुकतं. आपण ‘करायला हवं’ ते लिहितो, आणि तेही डोंगराएवढं.

मॅडमनी ते खोडायला लावलं. नवीन पान असं होतं: सोमवार, बुधवार, शुक्रवार, सव्वासहा वाजता, माझ्यासोबत कोपऱ्यावरच्या गाड्यापर्यंत चालत जाऊन चहा. रविवारी दहाला साताऱ्याला आजीला फोन. मंगळवारी एक खण आवरायचा, एकच. काय, कधी, कुठं, कुणासोबत, हे सगळं आधीच ठरलेलं, म्हणजे त्या क्षणी मूडला विचारायचंच नाही. काही गोष्टी मजेच्या आणि काही ‘जमलं’ वाटायला लावणाऱ्या, दोन्ही हव्यात.

जायच्या आधी किती बरं वाटेल याचा अंदाज लिहायचा, आल्यावर खरा आकडा. पहिल्या चहाचा अंदाज शून्य, खरा आकडा दोन. दोन म्हणजे काही फार नाही, मान्य. उदास मन अंदाज कमीच बांधतं, हे तिला पुन्हा पुन्हा कागदावर दिसत गेलं. एका बुधवारी ती उठलीच नाही. तेव्हा मॅडमनी रागावण्याऐवजी कृती आणखी छोटी केली. गाड्यापर्यंत नको, फक्त गेटपर्यंत.

आता याची मर्यादा. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, झोप-भूक बिघडलेली, अशी अवस्था असेल तर वहीवर भागवू नका, डॉक्टरांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर आजच. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि खोलीचं भाडं, घरच्यांचा तगादा, जागांची वाट बघणं हे प्रश्न चहानं सुटत नाहीत. ‘जरा फिरून ये, बरं वाटेल’ असं फेकून बोलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. सोबत चालायला मात्र जावं.

दिवाळीत ती साताऱ्याला गेली. संध्याकाळी चार भिंतीवर चढून तिनं वहीचा फोटो पाठवला. अंदाज तीन, खरा सहा. परीक्षा पुन्हा द्यायची का, ते अजून ठरलेलं नाही.