शंभर यार्ड कुठून मोजायचे?

राणीसावरगावच्या एका पालकाचे पत्र आले आहे. शाळेजवळच्या टपरीवर तंबाखूच्या पुड्यांच्या माळा लोंबतात. तक्रार केली तर टपरीवाला म्हणतो, ‘रस्त्यानं मोजा, अंतर भरतंय.’ पण रस्त्याने मोजायचेच नाही. २००४ च्या नियमांनुसार तंबाखूविक्रीला बंदी असलेले शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंनी सरळ रेषेत धरतात. वळसा कितीही पडो, भिंतीमागची टपरी हद्दीतच! दंड मात्र २००३ च्या कायद्यात जास्तीत जास्त २०० रुपये. तेवढा भरून टपरी पुन्हा उघडली तर नवल नाही. म्हणून पत्रलेखकाने ग्रामपंचायतीला लेखी विचारावे: टपरीखालची जागा कोणाची, आणि ती लावायला परवानगी कोणी दिली?