छायाचित्राखालचे नाव



समजा, माजरीतील एका शाळेत दहावीच्या वर्गाचा निरोप समारंभ झाला. फळ्यावर रंगीत खडूने शाळेचे नाव आणि तारीख, त्यापुढे तीन रांगांत अडतीस मुले-मुली, असा एक सुरेख समूह-फोटो निघाला. वर्गातील एका उत्साही मुलाने तो त्याच रात्री बॅचच्या खुल्या फेसबुक पानावर टाकला. कोणी राहून जाऊ नये म्हणून त्याने खाली डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे पूर्ण नाव लिहिले. त्याच्या हेतूत खोट शोधूनही सापडली नसती.

दुसऱ्या रांगेत तिसरी उभी असलेली मुलगी दोन वर्षांपूर्वी आईबरोबर मामाच्या घरी राहावयास आली होती. मामा कोळसा खाणीत नोकरीस. खाणीच्या गावात बदलीवर येणारी-जाणारी कुटुंबे नित्याचीच, त्यामुळे ती कोठून आली हे कोणी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. वडिलांच्या मारहाणीला कंटाळून आईने घर सोडले होते. मुलीच्या ताब्याचा वाद न्यायालयात चालू होता आणि ती दोघी कोणत्या गावी आहेत हे वडिलांना ठाऊक नव्हते.

फोटो केवळ फोटो राहिला असता, तर असंख्य फोटोंच्या गर्दीत तो वडिलांच्या दृष्टीस पडण्याचा संभव फारच थोडा होता. चेहरा शोधण्याची साधने आता निघाली आहेत. परंतु सामान्य माणसाच्या हाती असलेले सर्वांत सोपे साधन म्हणजे शोधाची चौकट, आणि तिच्यात नाव टाइप करता येते. त्यातही आपल्याकडील पूर्ण नावाची रचना पाहा. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. म्हणजे त्या गृहस्थास स्वतःचेच नाव शोधावयाचे होते! नावाने फोटो सापडला, फळ्याने शाळा सांगितली, शाळेने गाव सांगितले आणि तारखेने ती अद्याप तेथेच आहे हेही सांगितले. माजरीच्या जंक्शनवर जसे निरनिराळे रूळ येऊन मिळतात, तसे हे सारे धागे त्या एका नावापाशी एकत्र आले. पुढे मुलीने बोर्डाचे पेपर मामाला सोबत घेऊन, केंद्राच्या मागच्या फाटकाने जात-येत दिले.

फोटो टाकणारा मुलगा कळवळून म्हणाला, "मला काय माहीत?" त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते, आणि अडचणही नेमकी हीच आहे. सदतीस मुलांना त्या नावांनी आनंदच झाला होता. अपाय झाला तो एकीला, आणि ती एक कोण हे बाहेरून ओळखण्याची सोयच नसते. जिला खरोखर भीती असते, तीच आपली भीती वर्गात बोलून दाखवत नाही. म्हणून येथे बहुमत मोजून चालत नाही.

कायद्याने ही गोष्ट निराळ्या संदर्भात ओळखलेली आहे. बालन्याय अधिनियम, २०१५ मधील कलम ७४ अन्वये, चौकशीत वा खटल्यात गुंतलेल्या बालकाची, मग ते पीडित असो, साक्षीदार असो की आरोप असलेले असो, ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. त्यात केवळ नाव नाही. पत्ता, शाळा आणि ओळख पटू शकेल असा कोणताही तपशील येतो. सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. निरोप समारंभाचा फोटो या कलमाखाली येतो असे नव्हे. परंतु नाव आणि शाळा एकत्र आली की मूल सापडते, हे कायदा करणाऱ्यांनी हेरले होते, एवढे त्यातून दिसते.

व्यापारी घरांतील मुलांच्या बाबतीत आणखी एक धागा जोडला जातो. मुलाच्या नावात वडिलांचे नाव असते आणि दुकानाच्या पाटीवरही पुष्कळदा तेच नाव वा आडनाव असते. बिलावर मोबाइल क्रमांक आणि जीएसटी क्रमांक छापलेला असतोच. दुकान उघडे ठेवणाऱ्याला हे लपवता येत नाही, लपवण्याचे कारणही नाही. मात्र फोटोखालच्या नावामुळे दुकानाच्या गल्ल्यापासून थेट मुलाच्या वर्गापर्यंत वाट तयार होते. अलीकडे देशभर फसवणुकीचा एक प्रकार चालतो. दुकानात फोन येतो, "पोलीस ठाण्यातून बोलतोय, तुमचा मुलगा मित्रांबरोबर एका प्रकरणात सापडला आहे, आत्ता पैसे पाठवा, नाहीतर गुन्हा दाखल होईल." नुसते "तुमचा मुलगा" म्हटले तर अनुभवी व्यापारी फोन ठेवून देईल. पण मुलाचे नाव, शाळा आणि शेजारी उभ्या असलेल्या दोन मित्रांची नावे बिनचूक सांगितली, तर गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभा असलेला बाप डगमगतो. ती नावे ठगाला मुलांनीच पुरवलेली असतात. असा फोन आल्यास तो बंद करून आधी मुलास वा शाळेस फोन करावा. पैसे गेलेच असतील तर विनाविलंब १९३० वर कळवावे.

"नावे तर वर्तमानपत्रातही छापतात," असा प्रश्न हुशार मुले हमखास विचारतात. खरे आहे. पण ते वर्तमानपत्र आठवड्याभरात रद्दीत जाते, त्याच्या पुड्या होतात. रद्दीच्या गठ्ठ्यातून कोणी नाव टाइप करून पान बाहेर काढीत नाही. संगणकावरील नाव दहा वर्षांनीही क्षणात हजर होते.

या विषयावरील एक गाजलेला खटला स्वीडनचा आहे. बोडिल लिंडक्विस्ट नावाच्या बाई तेथील चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देत. १९९८च्या अखेरीस त्यांनी मुलांच्या सोयीसाठी घरच्या संगणकावर काही पाने तयार करून इंटरनेटवर टाकली. त्यांत अठरा सहकाऱ्यांविषयी थोडी विनोदी माहिती होती. कुणाचे पूर्ण नाव, कुणाचा दूरध्वनी, आणि एकीचा पाय दुखावल्याने ती अर्धवेळ काम करते, असाही उल्लेख. सहकाऱ्यांना विचारले नव्हते. काहींना ते आवडले नाही हे कळताच बाईंनी पाने काढून टाकली. तरीही त्यांना ४,००० क्रोनर दंड झाला. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. ६ नोव्हेंबर २००३ रोजी त्या न्यायालयाने सांगितले की, इंटरनेटच्या पानावर व्यक्तीचा नावानिशी उल्लेख करणे हा वैयक्तिक माहितीचाच वापर आहे, आणि ते पान अगणित लोकांना खुले असल्याने त्याला घरगुती बाब म्हणता येत नाही. दुखावलेला पाय ही आरोग्याची माहिती ठरली. त्या बाईंचा हेतूही त्या उत्साही मुलाइतकाच चांगला होता.

मग फोटो टाकूच नये काय? टाकावा, पण फोटोतील मुलांना आधी विचारून. "दहावीचा वर्ग, निरोपाचा दिवस" एवढी ओळ पुरते. जे त्या वर्गात होते ते एकमेकांना ओळखतातच. फळ्यावरील शाळेचे नाव कापून टाकता येते. नावांची आठवण ठेवावयाची असेल तर घरच्या छापील प्रतीच्या मागे पेनाने लिहावी. विचारणेही एकेकट्याला विचारावे, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात नव्हे. गटात "कुणाची हरकत?" म्हटल्यावर दुसऱ्या रांगेतील ती मुलगी गप्पच बसेल. आणि कोणी "माझे नाव काढ" म्हणाले, तर कारण न विचारता, त्याच मिनिटाला काढावे. टॅगही काढावा, कारण ओळ पुसली तरी टॅग तसाच राहतो. फोटो पुढे धाडला गेला असेल, तर ज्यांना धाडला त्यांनाही एकेक करून सांगावे लागते.