फोटो दुकानाचा, चेहरा तिचा

ओझरमध्ये साड्यांचं एक छोटं दुकान आहे. नवरात्राच्या तोंडावर दुकानाच्या मालकीणबाईंनी एका कॉलेजातल्या मुलीला ईमेल केला. या मुलीने पाडव्याला त्यांच्या दुकानासाठी फोटोशूट केलं होतं. दोघींच्या परवानगीने, नावं न घेता, तो मेल इथे देतेय:

‘नमस्कार. पाडव्याच्या शूटमधला तुमचा हिरव्या काठपदर साडीतला फोटो मला नवरात्रासाठी वापरायचा आहे. नवीन शूट करणार नाही. एआयवर तुमच्या अंगावरची साडी बदलून नऊ रंगांची नऊ पोस्टर करायची आहेत. ती दुकानाच्या इन्स्टाग्रामवर, व्हॉट्सॲप स्टेटसला आणि दुकानाबाहेरच्या फ्लेक्सवर लागतील. हरकत नसेल तर तसं लिहून कळवा. हरकत असेल तरी मोकळेपणाने सांगा, राग नाही.’

हा मेल मी काही मित्रमैत्रिणींना दाखवला. निम्म्यांचं म्हणणं, ‘एवढं काय त्यात? शूटचे पैसे दिले होते ना?’ माझं मत उलट आहे. मालकीणबाईंनी विचारलं हे योग्यच केलं, आणि नुसतं ‘हो, चालेल’ एवढं उत्तर त्या मुलीने द्यायला नको होतं. ते तिने दिलंही नाही.

आधी ‘पैसे दिले होते ना’ हा मुद्दा घेऊ. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला मालक साधारणपणे फोटोग्राफर असतो. पण कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर तो मालकी हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. म्हणजे हा फोटो दुकानाचा आहे, हे खरंच. पण फोटोची मालकी आणि चेहऱ्यावरचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यातल्या न्यायमूर्ती संजय किशन कौल यांच्या निकालपत्रात, आपली प्रतिमा आणि नाव संमतीशिवाय धंद्यासाठी वापरण्यापासून इतरांना रोखता यावं, हा विचार स्पष्ट मांडलेला आहे. फोटोग्राफरने ‘घ्या वापरा’ म्हटलं किंवा दुकानाने बिल चुकतं केलं, म्हणून फोटोतल्या माणसाला विचारायचं राहून गेलं तरी चालतं, असं होत नाही.

हे राहून गेलं की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. २०२५ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका महिलेची याचिका आली. तिच्या म्हणण्यानुसार, गावातल्या ओळखीच्या फोटोग्राफरने तिचा फोटो काढला आणि तिला न विचारता शटरस्टॉक या फोटो विकणाऱ्या संकेतस्थळावर टाकला. तिथून तो महाराष्ट्रासह चार राज्य सरकारांच्या, केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाच्या, एका राजकीय पक्षाच्या आणि काही खासगी कंपन्यांच्या जाहिरातींत गेला. न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी आणि न्यायमूर्ती अद्वैत सेठना यांच्या खंडपीठाने सोशल मीडियाच्या काळात हा विषय गंभीर असल्याचं म्हटलं आणि संबंधितांना नोटिसा काढल्या. या प्रकरणात एआय कुठेच नव्हतं. एक साधा फोटो होता, आणि त्या बाईने कधी न ऐकलेल्या योजनांची ती चेहरा झाली.

आता यात एआय मिसळा. पूर्वी फोटो वापरायची परवानगी म्हणजे तो एक फोटो छापायची परवानगी. फार तर मागचा पडदा बदलला जायचा. आता फोटो हा कच्चा माल झालाय. एका फोटोतून नऊ साड्या निघतात, तशाच नऊ जागा, नऊ पोझ आणि नऊ वेगवेगळे देहसुद्धा निघतात. मुलीने होकार कशाला दिला, हे लिहिलेलं नसेल तर त्या होकाराला काठच उरत नाही.

मालकीणबाईंनी मेल पाठवायच्या आधी एका पोस्टरचा नमुना करून पाहिला होता. तो त्यांनी त्या मुलीला दाखवला आणि तिने मला. लांबून झकास. मग तिने मूळ फोटो शेजारी ठेवला. रंग दोन छटा उजळलेला. हनुवटीवरचा तीळ गायब. लांब बाह्यांच्या ब्लाउजच्या बाह्या आखूड झालेल्या आणि गळा खोल. साडी पिवळी मागितली होती, ती पिवळीच आली. पण काठावरचे मोर वितळून नुसती वेलबुट्टी उरली होती. यातलं काहीही मालकीणबाईंनी सांगितलेलं नव्हतं. चित्र बनवणारी ही साधनं साडीचा तुकडा कापून बदलत नाहीत. बऱ्याचदा सगळं चित्रच नव्याने रचतात, आणि रचताना त्यांना सवयीच्या वाटणाऱ्या चेहऱ्याकडे आणि कपड्याकडे सरकतात. म्हणून ‘फक्त साडी बदलणार’ हे वाक्य कितीही प्रामाणिक असलं तरी ते आपोआप खरं होत नाही. तपासावं लागतं. तपासायची सोपी रीत म्हणजे मूळ फोटो आणि पोस्टर मोबाइलवर शेजारीशेजारी मोठं करून बघायचं: तीळ, कानाची पाळी, बोटं, बांगड्या, ब्लाउजचा गळा आणि बाह्या, पदराची बाजू. ब्लाउजचा गळा हा त्या मुलीसाठी घरच्या माणसांना तोंड द्यायचा प्रश्न होता. आणि काठावरचे मोर हा दुकानाचा प्रश्न होता. पोस्टरमधली साडी दुकानात नसेल तर गिऱ्हाईक विचारणारच.

म्हणून तिने तीन गोष्टी मागितल्या. पहिली, काय बदलायचं ते नेमकं लिहा. साडीचा रंग आणि मागचा पडदा, एवढंच. चेहरा, त्वचेचा रंग, अंगकाठी, ब्लाउज आणि उभं राहण्याची ढब बदलायची नाही. तिच्या तोंडी एकही वाक्य घालायचं नाही. ‘मी तर इथूनच साडी घेते’ असं पोस्टरवर छापलं, की तो फोटो उरत नाही, ती तिची शिफारस होते.

दुसरी, फ्लेक्सला टाकायच्या आधी प्रत्येक पोस्टर तिला दाखवायचं. ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण चित्र पुन्हा बनवलं की दरवेळी वेगळं निघतं. एका पोस्टरला दिलेला होकार दुसऱ्याला लागू पडत नाही.

तिसरी, मुदत आणि जागा. दसऱ्यापर्यंत, दुकानाच्या खात्यावर आणि दुकानाबाहेर. मालाच्या ठोक व्यापाऱ्याला किंवा दुसऱ्या शाखेला तो फोटो द्यायचा नाही. फोटो ज्या साधनात टाकणार, त्याच्या सेटिंगमध्ये आपली चित्रं त्या कंपनीला तिचं साधन शिकवायला वापरू न देण्याची सोय असेल तर ती आधी निवडायची. पण इथे मर्यादाही सांगायला हवी. इन्स्टाग्रामवर गेलेलं चित्र कुणीतरी डाउनलोड केलं की मुदत कागदावरच राहते. मुदतीचा उपयोग दुकानाला बांधण्यापुरता आहे, जगाला बांधायला नाही. म्हणून नको ते चित्र मुळात बाहेरच जाऊ नये, हे जास्त महत्त्वाचं.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: गावातलं दुकान, रोजची ओळख, त्यात हे लिखापढीचं नाटक कशाला? मला वाटतं, ओळख आहे म्हणूनच लिहायला हवं. मालकीणबाईंना ती मुलगी काकू म्हणते. काकूंनी चहा पाजत समोरासमोर विचारलं असतं, तर ती ‘नाही’ कशी म्हणणार होती? आईची साडी तिथूनच उधारीवर येते. मेलमुळे तिला दोन दिवस मिळाले, नमुना नीट बघता आला आणि अटी घालताना मान खाली घालावी लागली नाही. आणि काकूंचाही फायदा झाला. उद्या तिच्या घरच्या कुणी दुकानात येऊन आरडाओरडा केला तर दाखवायला त्यांच्याकडे तारखेसह उत्तर आहे.

ईमेलला किंमत असते का? असते. करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून तो अमान्य ठरत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ सांगतं. २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाने ईमेलच्या देवाणघेवाणीतून पक्का करार झाल्याचं मानलं. फक्त उत्तर देताना नुसता अंगठा पाठवू नका. मूळ मेल खाली ठेवून, फोटो जोडून, अटी लिहून पाठवा. मॉडेल अठरा वर्षांखालची असेल तर तिचा होकार पुरत नाही, पालकांचा लागतो. अकरावी-बारावीतल्या मुलींचे दागिने-साड्यांचे शूट सर्रास होतात, तिथे हे विसरलं जातं.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही याच दिशेने जातो. संमती मोकळी, विशिष्ट आणि पूर्ण माहिती देऊन घेतलेली असावी, आणि ती द्यायला जितकी सोपी तितकीच मागे घ्यायलाही सोपी असावी, असं तो म्हणतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संमतीच्या तरतुदींसाठी अठरा महिन्यांची सवड दिली गेली. पण संमती मागे घेतली तरी आधी झालेलं काम बेकायदा ठरत नाही. लागलेला फ्लेक्स उतरवायचा असेल तर कोण उतरवणार आणि खर्च कुणाचा, हे आधीच ठरलेलं बरं.

राहिले पैसे. आशा भोसले आणि अरिजित सिंग यांनी आपल्या आवाजाच्या एआय नकलांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयातून संरक्षण मिळवलं. तिथवर जाणं ओझरच्या मुलीला परवडणार नाही. तिच्या हातात एकच गोष्ट आहे, आधीच ठरवून घेणं. दुकानाला नवीन शूट टाळून पैसे वाचवायचेत, त्या वाचलेल्या पैशांत तिचा वाटा असलाच पाहिजे. तिला पाडव्याच्या शूटचे दीड हजार मिळाले होते. नऊ पोस्टरचे तिने तेवढेच मागितले. काकू हजारावर अडल्या, मग बाराशेवर जमलं. ‘मग मी एआयची बाईच उभी करते’ असंही त्या गमतीने म्हणाल्या. करता आली असती. पण गावातल्या गिऱ्हाइकाला ओळखीचा चेहरा बघूनच साडी आपल्या अंगावर कशी दिसेल ते कळतं, हे काकूंना पक्कं माहीत आहे. म्हणूनच तर त्यांनी मेल केला.

तिचं उत्तर शेवटी असं गेलं: ‘काकू, सोबत जोडलेल्या एकाच फोटोवरून नऊ पोस्टर करायला माझी संमती आहे. फक्त साडीचा रंग आणि मागचा पडदा बदलावा. माझ्या नावाने काही लिहू नये. प्रत्येक पोस्टर मला दाखवून, मी हो म्हटल्यावरच लावावं. कोपऱ्यात “चित्र एआयने बदललेले” असं लिहावं. दसऱ्यानंतर फ्लेक्स उतरवून पोस्ट काढाव्यात, खर्च दुकानाचा. मानधन बाराशे रुपये, पहिलं पोस्टर लागण्याआधी.’

काकूंनी उत्तर पाठवलं, ‘मान्य.’ आणि खाली, ‘ते मोर नीट आल्याशिवाय मीही लावणार नाही.’