गंगेत धोतर सोडणाऱ्यांनो, रविवारी ते उपसायलाही या!

त्र्यंबकवासी, पुरोहितवर्ग, लॉजवाले, दुकानदार आणि खालच्या अंगाला पाणी पिणाऱ्या नाशिककरांनो,

गेल्या अमावास्येनंतर अहिल्या संगमाच्या खाली गोदावरीचं पाणी अडलं होतं. बांध कोणी घातला नव्हता, तो धोतरांनीच घातला होता. दगडाला अडकलेली एक साडी, तिला गुंडाळलेलं धोतर, त्यात फसलेले टॉवेल आणि निर्माल्याच्या पिशव्या, वर हातभर गाळ. मागे साचलेलं पाणी काळं पडलेलं, त्यातून बुडबुडे येत होते आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटला होता. चार पायऱ्या वर एक कुटुंब त्याच पाण्याने पितरांना तिलांजली देत होतं.

गोदावरी मैली झाली आहे हे सांगायला पत्रक काढायची गरज नाही. सांडपाण्यावर, गावात नदीवर टाकलेल्या स्लॅबवर पुष्कळ बोललं गेलं आहे, पुढेही बोललं जाईल. आम्हाला फक्त एका रीतीबद्दल बोलायचं आहे: विधी आटोपला की अंगावरचं वस्त्र पाण्यात सोडून द्यायचं, आणि मागे वळून पाहायचं नाही.

हिशेब करून पाहू. साडी साडेपाच मीटर, धोतर साधारण साडेचार. एका जोडप्याचं दहा मीटर कापड. शंभर जोडप्यांचं एक किलोमीटर. गोदावरी इथपासून बंगालच्या उपसागरापर्यंत १४६५ किलोमीटर वाहते. म्हणजे दीड लाखाच्या आतच जोडपी आपल्या नदीला उगमापासून समुद्रापर्यंत कापडात गुंडाळू शकतात. आणि सिंहस्थातली गर्दी आपण लाखांत नाही, कोटींत मोजतो.

यावर ठरलेली उत्तरं येतात. एकेक घेऊ.

“वस्त्र सोडायला शास्त्रच सांगतं.” विधीची वस्त्रं घरी नेऊ नयेत, हे मान्य. ती इथेच राहू द्या. पण पाण्यातच कशाला? गंगेच्या ठिकाणी वर्ज्य अशी चौदा कृत्यं सांगणारा जुना श्लोक ब्रह्मांडपुराणाच्या नावाने प्रसिद्ध आहे. त्या यादीत निर्माल्य टाकणं आहे आणि वस्त्र टाकणंही आहे. दक्षिणा घेताना गोदावरी ही साक्षात गंगा असते, मग वस्त्र टाकताना ती एकदम ओढा कशी होते?

“सुती कापड आहे, कुजून जाईल.” विधीच्या दुकानातून घेतलेल्या धोतराचा एक धागा काढा आणि पायरीवर पेटवून पाहा. सूत असेल तर कागदासारखं जळून राख होईल. वितळून काळा टणक मणी झाला, तर ते पॉलिएस्टर. ते तुमच्या नातवाच्या हयातीतही कुजणार नाही. आणि सूत कुजतं ते फुकट नाही, पाण्यातला प्राणवायू खाऊन कुजतं. म्हणून तर मासे मरतात आणि तो वास सुटतो.

“वाहून जातं सगळं.” कुठे? इथे नदी म्हणजे ब्रह्मगिरीवरून उतरलेली एक बारीक धार आहे. उन्हाळ्यात तिच्यात चप्पलसुद्धा वाहत नाही. पहिल्या पुरात मात्र सगळं एकदम निघतं आणि खाली गंगापूर धरणाकडे जातं. नाशिक शहर तिथलंच पाणी पितं. पितर तृप्त झाले की नाही ते पितरांना ठाऊक, पण नाशिककरांच्या माठाची सोय आपण नक्की केलेली असते.

“बाहेरचे लोक टाकतात, आम्ही काय करणार?” सगळ्यांत संताप आणणारं उत्तर हेच. बाहेरच्या माणसाला संगम कुठे ते माहीत नसतं. कुठे उभं राहायचं, कधी बुडी मारायची, धोतर कधी सोडायचं, हे त्याला इथलाच माणूस सांगतो. तो यजमान तीन दिवस सांगेल तसं वागतो. सांगणाऱ्याने त्याच तोंडाने आणखी एक वाक्य सांगायचं आहे: “वस्त्र पाण्यात नाही, या टोपलीत ठेवा.” त्याने विधी लांबत नाही आणि दक्षिणाही कमी होत नाही.

आता कामाचं.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला अहिल्या संगमाच्या घाटाच्या वरच्या पायरीवर जमायचं. साडेनऊला काम थांबेल, कारण नंतर ऊन आणि यजमान दोन्ही वाढतात. पावसाआधीच यायचं आहे. आत्ता पाणी कमी आहे, कापड दिसतं. पूर आला की ते गाळाखाली जाईल किंवा धरणाकडे.

हातमोजे कोपरापर्यंतचे, जाड रबरी आणा. आत सुती मोजे घाला. दवाखान्यातले पातळ मोजे चालणार नाहीत. या गाळात क्षौराची अर्धी ब्लेडं, सेफ्टी पिना, फुटक्या बांगड्या आणि तसबिरींच्या काचा असतात. पायात गमबूट हवेत. अनवाणी पुण्य दुसऱ्या दिवशी मिळवा. हातापायाला उघडी जखम असेल तर पाण्यात उतरू नका, वर काम आहे. काम करताना कापलं, तर लगेच साबणाने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी दवाखाना गाठा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना आपण नदीत उतरलो होतो हे जरूर सांगा. लेप्टोची शंका त्यांना वेळेवर यायला हवी.

काम तिघांच्या टोळीने होईल. एक जण आकडी लावलेल्या बांबूने कापडाचं टोक वर धरील, दुसरा विळ्याने ते गाळालगत कापील, तिसरा घमेल्यात घेऊन वर देईल. कापड हिसडून ओढू नका. गाळात रुतलेली साडी ओढणाऱ्यालाच खाली घेते, नाही तर काठाची माती घेऊन वर येते. गुडघ्याच्या वर पाणी असेल तिथे कोणी जायचं नाही. कापड झटकून घ्या, घडीत खेकडे आणि मासे असतात. ते परत पाण्यात. अस्थी आणि राख दिसली तर हात लावू नका, त्या घराचा शोक आपला कचरा नाही.

वर ताडपत्रीवर तीन ढीग: कापड, प्लास्टिक-काच, फुलं-पानं. हे काम ज्येष्ठांनी आणि मुलांनी करायचं. ब्लेड-काच मुलांनी उचलायची नाही, ती मोठ्यांनी जाड डब्यात टाकायची. ओलं कापड फार जड होतं, म्हणून गोणी अर्धीच भरा. पाणी निथळल्यावर गोण्या गाडीत जातील. गाडी ठरल्याशिवाय एकही कापड वर काढायचं नाही, असं आम्ही ठरवलं आहे. काठावर ढीग रचून, फोटो काढून घरी गेलेल्यांचा ढीग पहिल्या पावसात पुन्हा नदीत गेलेला सगळ्यांनी पाहिला आहे.

त्याच दिवशी घाटावर बांबूच्या चार मोठ्या टोपल्या ठेवू. त्या रोज संध्याकाळी रिकाम्या करायला आठवड्याला सात जण हवेत, दिवसाला एक. विधी सांगणाऱ्यांपैकी निदान दोघांनी तरी त्यात नाव द्यावं, ही विनंती नाही, मागणी आहे. नावं रविवारी घाटावरच वहीत लिहून घेऊ. ज्यांचं नाव वहीत नसेल, त्यांनी पुढच्या अमावास्येला “बाहेरचे लोक टाकतात” हे वाक्य आम्हाला ऐकवू नये.

— गोदाकाठचे रहिवासी, त्र्यंबकेश्वर