शिक्का शुद्धतेचा, वजन कोणाचे?

सोन्याच्या भावाने २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅमला एक लाख रुपयांची पातळी गाठली, तेव्हापासून लग्नघरातील खरेदीची भाषाच बदलली आहे. पूर्वी ‘किती तोळ्यांची ठुशी करायची’ असा प्रश्न असे. आता ‘दिसायला भरीव आणि वजनाला हलकी मिळेल का’ असे विचारले जाते. सराफ बाजारानेही ही मागणी ओळखली असून पातळ पत्र्याच्या ठुशा, पोकळ वाट्यांची मंगळसूत्रे आणि जेमतेम दीड ग्रॅमच्या नथी सर्वत्र दिसू लागल्या आहेत. त्यात गैर काही नाही. परंतु दागिना जितका हलका होत जातो तितके त्यातील सोन्याव्यतिरिक्तच्या ऐवजाचे प्रमाण वाढत जाते, आणि नेमक्या याच बाबतीत हॉलमार्कचा शिक्का ग्राहकाचे रक्षण करीत नाही.

सोन्याच्या दागिन्यांवरील हॉलमार्क १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत सक्तीचा झाला आणि पुढे टप्प्याटप्प्याने त्याची व्याप्ती वाढली. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र ओळख क्रमांक असल्याखेरीज हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, 22K916 यांसारखी शुद्धतेची खूण आणि हा क्रमांक, अशा तीन गोष्टी भिंगातून दिसल्या पाहिजेत. क्रमांक ब्युरोच्या ‘BIS Care’ या अ‍ॅपमध्ये घातला की दागिना कोणत्या प्रकारचा आहे, कोणत्या केंद्रात तपासला गेला आणि त्याची शुद्धता किती, हे समजते. नथीसाठी घेतलेला क्रमांक हारावर उमटवला असेल तर तेथेच पितळ उघडे पडते. ही व्यवस्था निःसंशय उपयोगाची आहे. मात्र २२ कॅरट म्हणजे त्या धातूत हजार भागांमागे ९१६ भाग सोने, एवढेच तो शिक्का सांगतो. त्या दागिन्यात तो धातू किती आहे, हे सांगणे त्याच्या कक्षेत येत नाही.

ठुशीच्या घडणीकडे पाहिले म्हणजे हा फरक लक्षात येतो. ठुशीचा मणी ओतीव नसतो. सोन्याचा पत्रा काढून त्याच्या लहान चकत्या कापतात, त्या ठशात दाबून अर्ध्या वाट्या करतात आणि दोन वाट्या डाग देऊन जोडतात. असे शेकडो मणी तयार झाले की त्यांना वेज पाडून ते दोऱ्यात दाट ओवले जातात, आणि मागे सरकत्या दोरीचा गोंडा येतो. पातळ पत्र्याचा पोकळ मणी बोटाच्या दाबानेही चेपतो, म्हणून त्यात लाख भरण्याची पद्धत आहे. कोल्हापुरी साजातही ती आहे. लाख ही फसवणूक नव्हे, ती घडणीची गरज आहे. फसवणूक सुरू होते ती लाखेला सोन्याचा भाव लागल्यावर.

साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चार मिलिमीटर व्यासाचा मणी ०.२ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा केला, तर त्यात सुमारे १६० मिलिग्रॅम सोने येते आणि पोकळी पूर्ण भरल्यास साधारण २८ मिलिग्रॅम लाख मावते. तोच मणी निम्म्या जाडीच्या पत्र्याचा केला, तर सोने ८५ मिलिग्रॅमवर उतरते, पोकळी मात्र वाढते आणि लाख ३३ मिलिग्रॅम होते. पहिल्या मण्यात वजनाचा सुमारे सातवा भाग लाख असते, दुसऱ्यात पाव भागाहून अधिक. डोळ्यांना दोन्ही मणी सारखेच दिसतात, आणि हॉलमार्कही दोहोंवर सारखाच उमटतो.

हे प्रमाण पावतीवर काय करते? समजा, जाड पत्र्याची ठुशी काट्यावर २४.५०० ग्रॅम भरली. त्यात दोरा आणि गोंडा १.३०० ग्रॅम, लाख २.७०० ग्रॅम आणि पदकातील खडा ०.५०० ग्रॅम. म्हणजे निव्वळ सोने २० ग्रॅम. हिशेब सोपा व्हावा म्हणून २२ कॅरटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आणि घडणावळ १८ टक्के धरली, तर सोन्याचे २,००,००० आणि घडणावळीचे ३६,००० असे २,३६,००० रुपये होतात. त्यावर तीन टक्के वस्तू व सेवा कर ७,०८० रुपये; एकूण २,४३,०८०. आता काट्यावरचे पूर्ण वजनच सोने म्हणून लावले, तर घडणावळही त्याच वजनावर चढते आणि करही. सोन्याचे २,४५,०००, घडणावळ ४४,१०० आणि कर ८,६७३ मिळून २,९७,७७३ रुपये होतात. दोरा, लाख आणि एका खड्यासाठी ५४,६९३ रुपये मोजले गेले. एरवी घडणावळीत एक-दोन टक्क्यांची सूट मिळावी म्हणून तासभर घासाघीस करणारा ग्राहक या रकमेकडे पाहतही नाही, कारण ती पावतीवर वेगळी दिसतच नाही.

वास्तविक ती दिसावी, अशी नियमाचीच अपेक्षा आहे. हॉलमार्कच्या दागिन्याच्या पावतीवर प्रत्येक नगाचे वर्णन, मौल्यवान धातूचे निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचे शुल्क स्वतंत्रपणे नमूद करावे लागते. खड्यांचे वजन वजा करण्याची रीत बऱ्यापैकी रुजली आहे. अडचण आहे ती लाख आणि दोऱ्याची. ठुशी एकदा ओवून पेटीत बसली, की लाख किती हे काट्याला समजत नाही. त्यामुळे ठुशी घडवून घेणाऱ्याने मणी लाख भरण्यापूर्वी आणि ओवण्यापूर्वी तोलून ते वजन पावतीवर लिहून घेणे, हाच खात्रीचा मार्ग ठरतो. तयार ठुशी घेताना निव्वळ वजन लिहून द्यायला दुकानदार कां-कूं करीत असेल, तर त्याचा अर्थ उघड आहे. वजनाबाबतची तक्रार ब्युरोकडे नव्हे, तर राज्याच्या वैधमापनशास्त्र यंत्रणेकडे जाते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

मंगळसूत्राची गोष्ट याच जातकुळीची, पण थोडी निराळी. दोन वाट्या पोकळ असतात आणि त्यांची पाठ उघडी असल्याने आत काही दडवता येत नाही. प्रश्न येतो काळ्या मण्यांचा. पोत काचेची असते. दोऱ्यात ओवलेल्या जुन्या घाटात ती सहज वेगळी काढून तोलता येत असे. सोन्याच्या तारेत एकेक मणी गुंफलेल्या लांब मंगळसूत्रात ते शक्य होत नाही. तेथे मणी मोजून आणि त्याच मापाच्या सुट्या मण्यांचे वजन करून वजावट काढता येते. नीट चालणाऱ्या पेढीवर हे काम पाच मिनिटांचे आहे.

नथीत सोने सर्वांत कमी आणि भाव सर्वांत फसवा. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे, त्यामुळे हलकी नथ बहुधा शिक्क्याविनाच विकली जाते. तिची किंमत ठरते मोत्यांवर. ‘बसरा मोती’ हा शब्द अजून सर्रास वापरला जातो. पण इराणच्या आखातातील नैसर्गिक मोती आज दुर्मीळ असून नव्या नथींत प्रायः संवर्धित मोती असतात, कधी नुसते काचेचे मणी. मोत्यांचे पैसे वेगळे लावले असतील, तर सोन्याच्या वजनातून मोती वगळले आहेत की नाही, एवढे तरी पाहायला हवे. एकाच मोत्याचे दाम दोनदा मोजण्याचे प्रकार येथेच घडतात.

शुद्धतेबद्दलही एक सावधगिरी आवश्यक आहे. दुकानात काही सेकंदांत कॅरट दाखवणारे क्ष-किरण यंत्र केवळ पृष्ठभाग वाचते. वरून शुद्ध सोन्याचा मुलामा दिलेला असेल तर ते खूश होऊन जास्त आकडा दाखवते, आणि सांध्यांतील डागापर्यंत ते पोहोचत नाही. ठुशीत तर प्रत्येक मण्याला सांधा असतो. डागाचे सोने हलक्या कसाचे वापरले असेल, तर पत्रा २२ कॅरटचा असूनही आटवल्यावर कस उतरतो. जुने दागिने मोडताना जी ‘घट’ सांगितली जाते तिचे एक खरे कारण हे आहे. निर्णायक कसोटी आगीचीच. नमुना शिसे आणि चांदीसह भट्टीत तापवतात, हिणकस धातू मुशीत शोषले जातात, उरलेल्या गोळीतील चांदी नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि शेवटी राहिलेले सोने तोलतात. शिक्क्यापेक्षा शुद्धता कमी निघाली, तर २०१८ च्या नियमांनुसार त्या वजनावरील तुटीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळू शकतो. घरातील दागिना ग्राहकाला स्वतः मान्यताप्राप्त केंद्रात तपासून घेण्याची सोय २०२२ मध्ये झाली. तेव्हा ठरलेले शुल्क चार नगांपर्यंत २०० रुपये होते.

पुढे दागिना वापरात आल्यावर वजन घटते ते बहुतांशी निगराणीच्या चुकांमुळे. लाख उष्णतेने मऊ होते, म्हणून ठुशी किंवा साज साबणाच्या उकळत्या पाण्यात टाकू नये. ध्वनिलहरींच्या यंत्रातही देऊ नये. मऊ ब्रशने कोरडी झाडून सुती कापडाने पुसलेली पुरते. चेपलेल्या मण्याला पुन्हा डाग द्यायचा झाल्यास आतली लाख जळते आणि दुरुस्तीनंतर ठुशी हलकी भरते. येथे सोनार चोर नसतो, फक्त त्याने ते आधी सांगायला हवे. घामाने दोरा कुजतो. पुन्हा ओवायला देताना मणी मोजून आणि वजन लिहून द्यावेत. नथीचे मोती आम्लाने झिजतात, तेव्हा अत्तर आणि प्रसाधने आधी, नथ शेवटी, हा जुन्या बायकांचा क्रम रासायनिकदृष्ट्याही बरोबर आहे. मंगळसूत्र रोज अंगावर असल्याने वाट्यांच्या कड्या आणि तारेचे दुवे घासून बारीक होतात. वर्षातून एकदा ते भिंगाखाली दाखवले, तर वाटी रस्त्यात पडून जाण्याची वेळ येत नाही. आणि दारावर येऊन दागिने उजळून देणाऱ्याच्या भांड्यात तर काहीच बुडवू नये. त्याच्या द्रावणातील आम्ल सोने विरघळवते, दागिना लखलखीत होऊन परत मिळतो आणि विरघळलेले सोने भांड्यासह निघून जाते.