ओळख सांगावी कशी?

पुष्कळ वर्षांनी बाजारात जुने गुरुजी अचानक भेटतात. वाकून नमस्कार होतो आणि लगेच प्रश्न येतो, "गुरुजी, ओळखलंत का?" माझ्या मते हा प्रश्न विचारूच नये. गुरुजींना आठवत असतो बारा वर्षांचा मुलगा. समोर उभा असतो टक्कल पडलेला गृहस्थ! म्हातारपणी त्यांनाच परीक्षेला बसवावे, हे बरे नव्हे.

आपण होऊन हजेरीपटावरचे संपूर्ण नाव सांगावे. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रीने माहेरचे नाव सांगावे. सासरचे नाव गुरुजींनी कधी पुकारलेलेच नसते. तरीही चेहरा कोरा दिसला, तर एखादी खूण द्यावी: "१९९२ साली मी सातवीत होतो. भूगोलाच्या तासाला नकाशाची गुंडाळी मीच आणीत असे." नावापेक्षा अशी खूण पुष्कळदा लवकर पटते. हुद्दा मात्र मागाहून, तोही विचारल्यास.

कधी गुरुजी "हो, हो" म्हणतात. पण नजर अनोळखीच राहते. तेव्हा आणखी खुणा देत बसू नये. प्रकृतीची चौकशी करावी, हातातली पिशवी घ्यावी आणि घरापर्यंत सोबत करावी.